किमान किती? माळढोकाच्या निमित्ताने एका आकड्याची चिकित्सा

आपल्याकडे जुन्या वंशावळी वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. पाच-सहा पिढ्यांपूर्वी गावात जी दहा-बारा कुळे नांदत होती, त्यांपैकी तीन-चार आज नाहीत. त्या कुळांवर कोणता शाप नव्हता की रोगराईही नव्हती. एका पिढीत मुलीच झाल्या, दुसरीत एकुलता एक मुलगा अविवाहित राहिला, एवढ्यावर कागदावरची रेघ थांबते. ज्या आडनावाची गावात पंधरा घरे होती त्याच्या बाबतीत हेच सगळे घडले तरी नाव टिकते. कारण एका घरात जे थांबते ते दुसऱ्या घरात पुढे चालू असते. गाव म्हणते, ‘वंश बुडाला’, आणि कारण शोधू लागते. पण पुष्कळदा त्याला कारण नसते. ती घरे थोडी होती, एवढेच कारण.

इंग्लंडमध्ये १८७३-७४ च्या सुमारास फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन या दोघांनी हाच प्रश्न गणिताने सोडवायला घेतला होता. त्यांचा विषय आडनावे नाहीशी होण्याचा होता. शंभर वर्षांनी तेच गणित नामशेष होऊ घातलेल्या पशुपक्ष्यांना लावले गेले आणि त्यातून ‘पॉप्युलेशन व्हायबिलिटी ॲनालिसिस’ नावाची शाखा उभी राहिली. तिला मी या लेखात ‘तगण्याचे विश्लेषण’ म्हणणार आहे. या शाखेने जगाला एक लोकप्रिय कल्पना दिली: प्रत्येक जातीची एक किमान संख्या असते, तिच्याखाली गेले की संपले. या कल्पनेचे इंग्रजी नाव ‘मिनिमम व्हायबल पॉप्युलेशन’. आपण तिला ‘तगण्याची किमान संख्या’ म्हणू.

हा आकडा आज वर्तमानपत्रांत, शासकीय आराखड्यांत आणि पर्यावरणविषयक मराठी लेखनात सर्रास भेटतो, आणि तो बहुधा चुकीचा वाचला जातो. परभणीसारख्या ठिकाणी बसून, मिळतील ते शोधनिबंध मागवून वाचणाऱ्या माझ्यासारख्याला यात बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच, की हे गणित कागद-पेन्सिलीने करून पाहता येते. ते केल्यावर आकड्यामागे काय दडले आहे ते दिसते. उदाहरण म्हणून मी आपल्या सोलापूरच्या माळावरचा माळढोक घेतो.

सोलापूरचा माळ

नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. सोलापूर आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या त्या क्षेत्रात शेते होती, गावे होती, तालुक्याची ठिकाणेही होती. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. कागदावर इतका मोठा प्रदेश असूनही पक्षी कमी होत गेले. आज नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. देशात जे पक्षी उरले आहेत त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला आहेत.

या पक्ष्याचा संसार कसा असतो ते आधी ध्यानात घ्यावे लागेल, कारण पुढचे सारे गणित त्यावर उभे आहे. मादी जमिनीवर, गवतात, बहुधा एकच अंडे घालते. अंडे कोल्ह्याने, कुत्र्याने, मुंगसाने खाल्ले किंवा गुरांच्या पायाखाली आले की ते वर्ष बहुधा वाया. पिल्लाचा सांभाळ मादी एकटी करते. नर उंच जागी गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पंख्यासारखी उभारून माद्यांना बोलावतो. आणि मोजके नरच बहुतेक माद्यांशी जुगतात. म्हणजे या पक्ष्याची वाढ संथ आहे. त्याची सारी मदार मोठा झालेला पक्षी पुष्कळ वर्षे जगण्यावर आहे. दरवर्षी थोडी थोडी पिल्ले, पण दीर्घ आयुष्य, असा हा व्यवहार आहे.

दहा माद्यांचे गणित

आता एक काल्पनिक माळ घेऊ. त्यावर दहा माद्या आहेत. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, कोणा अभ्यासकाने मोजलेले नाहीत. समजा, शंभर माद्यांतल्या नव्वद पुढच्या वर्षी जिवंत राहतात. आणि समजा, दर शंभर माद्यांमागे दरवर्षी दहा मुली, म्हणजे मादी-पिल्ले, जगून वाचून कळपात येतात. नव्वद उरल्या, दहा आल्या, हिशेब बरोबर. सरासरीच्या भाषेत हा समूह स्थिर आहे. कोष्टक मांडणारा अधिकारी खाली ‘समाधानकारक’ असा शेरा मारील.

पण कोणतीही मादी नव्वद टक्के जगत नाही. ती जगते किंवा मरते. मुलीचेही तसेच, एक तरी होते किंवा होत नाही. म्हणून एकेका मादीचे वर्ष मांडून पाहू. ती जगली आणि तिला मुलगीही झाली, याचा संभव शंभरात नऊ. तेव्हा एकीच्या जागी दोघी होतात. ती मेली आणि मागे मुलगीही नाही, याचाही संभव शंभरात नऊ. तेव्हा जागा रिकामी होते. उरलेल्या ब्याऐंशी वेळा एकीच्या जागी एकच राहते: बहुतेक वेळा ती स्वतः, क्वचित तिच्यामागे तिची मुलगी. सगळा खेळ या तीन शक्यतांचा आहे.

एका मादीची सारी वंशवेल अमुक वर्षांत संपण्याचा संभव काढायचा असेल तर रीत सोपी आहे. काल्पनिक माळावरच्या एका मादीची वेल या वर्षापर्यंत संपण्याचा संभव q मानला, तर आणखी एका वर्षाने तो असा होतो:

q' = 0.09 + 0.82q + 0.09q²

पहिली संज्ञा म्हणजे वेल याच वर्षी संपली. दुसरी म्हणजे एक फांदी राहिली आणि ती पुढे संपली. तिसरी म्हणजे दोन फांद्या झाल्या आणि दोन्ही संपल्या. शून्यापासून सुरुवात केली की पहिल्या वर्षी ०.०९ येते, दुसऱ्या वर्षी ०.१६, आणि असे पन्नास वेळा केले की ०.८२. म्हणजे सरासरीने स्थिर असलेल्या समूहातसुद्धा एखाद्या मादीची वेल पन्नास वर्षांत संपण्याचा संभव शंभरात ब्याऐंशी आहे. दहा माद्या असतील तर समूह तेव्हाच बुडतो जेव्हा दहाही वेली संपतात, म्हणून ०.८२ ला स्वतःने दहा वेळा गुणायचे. उत्तर येते शंभरात सुमारे चौदा. पाच माद्यांसाठी अडतीस. तीन माद्यांसाठी छप्पन्न. वीस माद्यांसाठी फक्त दोन, आणि पन्नास माद्यांसाठी दहा हजारांत एकापेक्षाही कमी.

या गणितात दुष्काळ नाही, शिकारी नाही, रोग नाही, तार नाही. प्रत्येक मादीचे नशीब स्वतंत्र आहे आणि सगळ्यांना सारखीच संधी आहे. तरीही तीन माद्यांचा समूह निम्म्याहून अधिक वेळा बुडतो. अभ्यासक याला ‘डेमोग्राफिक स्टोकॅस्टिसिटी’ म्हणतात. आपण ‘जन्ममृत्यूची यदृच्छा’ म्हणू. तिचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो: संख्या मोठी असेल तर एकेकाची नशिबे परस्परांना खोडतात, संख्या लहान असेल तर खोडायला दुसरे कोणी नसते.

दहाचे आठ झाले तेव्हा

या यदृच्छेमुळे शिरगणतीची बातमी कशी वाचावी हेही बदलते. वरच्या काल्पनिक माळावर दहा माद्या असताना एका वर्षात संख्या आठ किंवा त्याहून खाली येणे हे निव्वळ नशिबाने सात-आठ वर्षांतून एकदा घडेल. मग वर्तमानपत्रात ‘माळढोक वीस टक्क्यांनी घटले’ अशी बातमी येईल. पुढच्या वर्षी बारा झाल्या तर ‘संवर्धनाला यश’ अशी बातमी येईल. दोन्ही बातम्यांत कळण्यासारखे जवळजवळ काही नाही. ज्या अधिकाऱ्याची बदली झाली त्याचा दोष नव्हता आणि ज्याचा सत्कार झाला त्याचे श्रेय नव्हते.

मग खरी घसरण ओळखायची कशी? दोन खुणा सांगता येतात. पहिली अशी, की घट यदृच्छेच्या मापाबाहेरची हवी. दहाच्या एका वर्षात पाच झाल्या तर ते नशीब नव्हे, तिथे काही तरी घडले आहे. दुसरी खूण अधिक विश्वासाची आहे. नशीब एकमेकांना सांगून येत नाही. सोलापूर, कच्छ, कर्नाटक, आंध्र, राजस्थान इथले समूह एकाच काळात खाली जात असतील तर ती यदृच्छा नव्हे. त्यामागे सर्वत्र समान असलेले एक कारण आहे, आणि ते शोधायला माळावर जावे लागते. गणित तिथे थांबते.

नर-मादीच्या प्रमाणातही हीच यदृच्छा काम करते, आणि तिथे ती अधिक निर्दय आहे. पिल्लू नर की मादी हे नाणेफेकीसारखे मानले, तर चार पिल्ले एकाच लिंगाची निघण्याचा संभव आठात एक आहे. वीस पिल्लांच्या बाबतीत तो पाच लाखांत एक इतका नगण्य होतो. मोठ्या समूहात ज्या गोष्टीचा कोणी विचारही करत नाही ती लहान समूहात शेवट ठरू शकते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ‘डस्की सीसाइड स्पॅरो’ नावाची एक चिमणी होती. तिचा अधिवास दलदलींत माणसाने केलेल्या फेरफारांनी आणि आगींनी गेला, हे मूळ कारण. पण १९८० च्या सुमारास जे थोडे पक्षी उरले ते सगळे नर होते. शेवटचा १९८७ मध्ये पिंजऱ्यात मेला. आपल्या कच्छमध्ये याच्या उलट झाले. अलीकडच्या वर्षांत तिथे माळढोकाच्या काही माद्या उरल्या आणि नर नाहीसा झाला. शिरगणतीच्या कोष्टकात त्या माद्या ‘पक्षी’ म्हणून मोजल्या जातात. तगण्याच्या हिशेबात, बाहेरून नर किंवा अंडे आणल्याखेरीज, ती संख्या शून्य आहे.

पन्नास आणि पाचशे कुठून आले

आता मूळ आकड्याकडे येऊ. १९८० मध्ये इयन फ्रँकलिन या ऑस्ट्रेलियन आनुवंशशास्त्रज्ञाने दोन आकडे सुचवले: थोड्या काळासाठी पन्नास, दीर्घ काळासाठी पाचशे. हा ‘पन्नास-पाचशे’चा नियम पुढे मंत्रासारखा म्हटला जाऊ लागला. पण पन्नास आला कुठून? जनावरांची पैदास करणाऱ्यांचा अनुभव असा, की एका पिढीत अंतःप्रजनन एक टक्क्यापर्यंत वाढले तर ते खपून जाते. अंतःप्रजननाची वाढ ही प्रजननक्षम संख्येच्या दुपटीने एकाला भागून येते. एक टक्का हवा तर संख्या पन्नास निघते. आमच्या मराठवाड्यात लाल कंधारी वळू पाळणाऱ्याला ही गोष्ट वेगळ्या शब्दांत माहीत असते. एकच वळू फार वर्षे ठेवू नये असे तो सांगतो. पाचशेचा आकडा तर फळमाशीच्या अंगावरच्या केसांच्या प्रयोगांतून आला. तो रानातल्या कोणत्याही पक्ष्यावरून काढलेला नाही.

शिवाय हे पन्नास म्हणजे पन्नास डोकी नव्हेत. ते पन्नास ‘परिणामी’ जीव, म्हणजे पुढच्या पिढीत सारखाच वाटा देणारे. माळढोकात मोजकेच नर बाप होतात. समजा वीस पक्ष्यांत दोन नर आणि अठरा माद्या प्रजननात आहेत. तर परिणामी संख्या चार गुणिले दोन गुणिले अठरा भागिले वीस, म्हणजे जेमतेम सात. शिरगणती वीस सांगते, रक्त सात सांगते. म्हणून ‘पन्नासाच्या वर आहेत, निश्चिंत असावे’ हे म्हणणे जितके पोकळ, तितकेच ‘पन्नासाच्या खाली गेले, आता सोडून द्यावे’ हेही पोकळ.

दुसरा उगम आहे मार्क शॅफर यांचा १९८१ चा निबंध. त्यांनी किमान संख्येची व्याख्या केली ती अशी: जो अलग पडलेला समूह जन्ममृत्यूची यदृच्छा, हवामानाचे चढउतार, आनुवंशिक बदल आणि नैसर्गिक आपत्ती सोसून एक हजार वर्षे टिकण्याचा संभव शंभरात नव्व्याण्णव आहे, असा सर्वांत लहान समूह. या व्याख्येत एक अट आहे जी उद्धृत करणारे गाळतात. ही संख्या दिलेल्या जातीसाठी आणि दिलेल्या अधिवासासाठी आहे. हजार वर्षे आणि नव्व्याण्णव टक्के हे आकडेही त्यांनी तात्पुरते म्हणूनच घेतले होते. म्हणजे मूळ लेखकाने ज्याला चौकट म्हटले त्याचा पुढच्या वाचकांनी निसर्गनियम केला. साहित्यात टीकाकार नेहमी पाहतो तीच ही गोष्ट: मूळ संहितेतली अट गळते आणि सुभाषित उरते.

सोळा, तीस, पंचेचाळीस, शंभर

ही अट गळाल्याने काय बिघडते ते आपल्याच दहा माद्यांच्या गणितावर दाखवता येते. समजा आपल्याला पन्नास वर्षांपुरती शंभरात पंच्याण्णव अशी खात्री हवी आहे. वरच्या सूत्राने उत्तर येते: सोळा माद्या. आता मुदत शंभर वर्षांची केली की तीच संख्या सुमारे तीस होते. खात्री पंच्याण्णवऐवजी नव्व्याण्णव मागितली की पंचेचाळीस होते. पक्षी तोच, माळ तोच, माद्यांचे नशीब तेच. बदलली ती फक्त आपली मागणी. पन्नास वर्षे पुरेत की शंभर हवीत, हा प्रश्न शास्त्राचा नाही, तो आपल्या इच्छेचा आहे. पण आकडा छापताना ती इच्छा दिसेनाशी होते आणि निसर्ग बोलल्यासारखा भास होतो.

याहून मोठा बदल पुढे आहे. मुदत पुन्हा पन्नास वर्षे आणि खात्री पंच्याण्णव ठेवू. फक्त जगण्याचे प्रमाण नव्वदवरून पंच्याऐंशी करू. म्हणजे दहा माद्यांच्या समूहात दोन वर्षांतून एक जादा मृत्यू. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते. दहा माद्यांचा समूह बुडण्याचा संभव त्याने शंभरात चौदावरून पंचाहत्तरवर जातो. पन्नास माद्यांचा समूह, जो आधी जवळजवळ अभेद्य होता, तो शंभरात चोवीस वेळा बुडतो. आणि किमान संख्या सोळावरून सुमारे शंभरावर जाते. उलट जगण्याचे प्रमाण नव्वदचे ब्याण्णव केले तर नऊ माद्याही पुरतात.

माझ्या मते या साऱ्या विषयात सामान्य वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच आहे. तगण्याची किमान संख्या ही जातीच्या अंगी असलेली गोष्ट नाही. ती मृत्यूच्या प्रमाणातून निघते, आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळसे आपल्या हातात आहे. ‘किती पक्षी लागतील?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘तुम्ही किती मारणार आहात?’ या प्रतिप्रश्नानेच सुरू होते.

माळढोकाच्या बाबतीत हा प्रतिप्रश्न काल्पनिक नाही. हा पक्षी जड आहे, समोरचे त्याला नीट दिसत नाही आणि उडताना तो वळायला संथ आहे. विजेच्या उच्चदाबाच्या तारांवर तो आदळतो. भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या प्रदेशासाठी केलेल्या अंदाजानुसार तिथे दरवर्षी सुमारे अठरा माळढोक तारांवर आदळून मरतात. आणि तिथली एकूण संख्या त्याच संस्थेच्या अंदाजाने सव्वाशे-दीडशेच्या घरात होती. म्हणजे शंभरामागे दहाहून अधिक. मी वर धरलेले ‘शंभरात पाच जादा मृत्यू’ हे त्यापुढे सौम्यच म्हणावे लागतील. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या भागातल्या तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला होता. २०२४ च्या मार्चमध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवण्यात आला. त्या वादात एका बाजूला सौरऊर्जा आहे, आणि तिची गरज खोटी नाही. पण वादाचा खरा मुद्दा पक्षी किती उरले हा नसून वर्षाला किती जादा मरतात हा आहे.

सुतीर्थ दत्ता, असद रहमानी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी २०११ मध्ये माळढोकाचे तगण्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तेव्हा देशात सुमारे तीनशे पक्षी, आठेक ठिकाणी विखुरलेले, असा हिशेब होता. त्यांच्या निष्कर्षाचे सार माझ्या ओबडधोबड गणितापेक्षा निराळे नाही: अगदी छोटे समूह फार अनुकूल गोष्टी गृहीत धरल्या तरच टिकतात, आणि माणसामुळे होणारे मृत्यू असेच चालू राहिले तर सर्वांत मोठा समूहही सुरक्षित नाही. मराठीत त्या निबंधातला पहिला अर्धा भाग पोचला. ‘छोटे समूह टिकत नाहीत’ हे वाक्य नान्नजविषयीच्या बोलण्यात ऐकू येते. दुसरा अर्धा भाग, ज्यात काय केले पाहिजे ते दडले आहे, तो मागे राहिला.

गणिताच्या मर्यादा

माझे सूत्र वास्तवाहून सौम्य आहे, हे वाचकाने विसरू नये. त्यात नराचा विचार नाही. मादी आहे पण नर नाही ही स्थिती त्याला दिसत नाही. त्यात अंतःप्रजनन नाही. मुलगी जन्मल्याबरोबर प्रजननक्षम धरली आहे. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षे जातात. आणि त्यात दुष्काळाचे साल नाही. दुष्काळाची यदृच्छा वेगळ्या जातीची आहे. ती एकेका मादीला सुटी गाठत नाही, सगळ्यांना एकदम गाठते. म्हणून संख्या वाढवली तरी ती विरत नाही. दहा माद्यांचे आणि हजार माद्यांचे अंडे त्याच वर्षी वाया जाते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: एकाच मंडळात दहा तुकडे जमीन असली म्हणून पाऊस दहा ठिकाणी वेगवेगळा पडत नाही. तिच्यावर उपाय एकाच ठिकाणी संख्या वाढवणे हा नसून दूरदूरच्या माळांवर समूह असणे हा आहे. म्हणून नान्नज रिकामे होणे ही फक्त सोलापूरची हानी नाही. जैसलमेरच्या एका वाईट सालापासून देशाच्या माळढोकाला असलेला तो विमाच गेला.

ग्रॅम कॉफ्ली या अभ्यासकाने १९९४ मध्ये या शाखेवर जी टीका केली ती मला अजूनही सर्वांत मार्मिक वाटते. त्यांचे म्हणणे असे, की या विषयात दोन वेगवेगळे प्रश्न मिसळले जातात. समूह लहान असण्याचे परिणाम काय, हा एक. आणि समूह लहान का झाला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला सुंदर गणित आहे, म्हणून हुशार माणसे तिकडे जातात. दुसऱ्याला गणित नाही. तिथे प्रत्येक माळावर जाऊन कुत्री, तारा, ऊस, कालवे, चराई, यांतले कोण मारते आहे हे एकेक करून तपासावे लागते. जाती वाचतात त्या बहुधा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने.

न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरच्या काळ्या रॉबिनचे उदाहरण इथे दिले जाते आणि ते खरे आहे. १९८० मध्ये तो पक्षी पाचच उरला होता आणि अंडी घालणारी मादी एकच होती. पन्नास-पाचशेच्या नियमाने त्याचे श्राद्ध कधीच घालायला हवे होते. डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मादीची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्याकडून उबवून घेतली, ती पुन्हा अंडी घालीत राहिली, आणि आज त्या जातीचे दोनशेहून अधिक पक्षी आहेत. पण या उदाहरणाने भारावून जाण्याआधी फरक पाहावा. रॉबिनचे घरटे काढले तर ती लवकर दुसरे करते आणि तिची पिल्ले लवकर मोठी होतात. माळढोक बहुधा एका अंड्याचा धनी आहे. रॉबिनला जन्म वाढवून वाचवता आले. माळढोकाला मुख्यतः मृत्यू थांबवूनच वाचवता येईल. २०१९ पासून जैसलमेरजवळ सम इथे अंडी आणून, उबवून पिल्ले वाढवण्याचे काम सुरू आहे आणि पुढे पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची पिल्लेही झाली. ते काम मोलाचे आहे. पण ही पिल्ले उद्या ज्या माळावर सोडायची तिथे शंभरातले पंच्याऐंशीच जगणार असतील, तर आपण गळक्या रांजणात पाणी भरतो आहोत.

म्हणून यापुढे कोणी लेखात, भाषणात किंवा आराखड्यात माळढोकाची ‘किमान संख्या’ सांगितली, तर वाचकाने तीन गोष्टी विचाराव्यात. किती वर्षांसाठी? किती खात्रीने? आणि मोठ्या झालेल्या पक्ष्यांपैकी वर्षाला किती मरतात असे धरून? या तिन्हींचे उत्तर नसेल तर तो आकडा निरर्थक आहे. पहिल्या दोहोंची उत्तरे आपण बसल्या जागी ठरवू शकतो. तिसऱ्याचे उत्तर माळावर, तारांखाली पडलेले पक्षी मोजूनच मिळते.